मिरजेत राहून कन्नड यात्रेकरूंसाठी सोबतीचा धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर अथणीचं, सासर मिरजेचं. त्यामुळे कन्नड आणि मराठी दोन्ही घरातल्याच भाषा, हिंदी शाळेत आणि बाजारात आली. औदुंबर आणि नरसोबाच्या वाडीला येणाऱ्या कर्नाटकातल्या कुटुंबांना दिवसभर सोबत करायची, हे माझं काम. जत, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातल्या मुलामुलींचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते.

दोन-तीन भाषा येतात. मिरज-सांगलीत राहून नेमका कोणता धंदा करता येईल?

पुष्कळ जण आधी गाइड व्हायचं म्हणतात. इथे इतिहास ऐकायला येणारा पर्यटक थोडा, दर्शनाला येणारं कुटुंब जास्त. नृसिंहसरस्वतींनी औदुंबरला एक चातुर्मास काढला, वाडीला बारा वर्षं काढली आणि मग ते गाणगापूरला गेले, अशी परंपरा आहे. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात. त्यांच्या आधीचे श्रीपाद श्रीवल्लभ जन्माला आले आंध्रातल्या पिठापुरात आणि राहिले रायचूरकडच्या कुरवपुरात. म्हणजे दत्तभक्तीची ही वाट मुळातच तीन भाषांतून जाते. बंगळूर, हुबळी, धारवाड, विजयपूर इथली माणसं औदुंबर आणि वाडी एकाच फेरीत करतात आणि रेल्वेने येणारी बहुतेक मिरज जंक्शनला उतरतात.

त्यांना व्याख्यान नको असतं. गाडी खरी आहे ना, आजीला पायऱ्या किती, जेवण कुठे, अभिषेकाची पावती कोणत्या खिडकीवर, परतीची गाडी चुकणार नाही ना, हे त्यांच्या भाषेत सांगणारं आणि त्यासाठी जबाबदार राहणारं एक माणूस हवं असतं. तोच हा धंदा.

पण वाडीच्या पुजाऱ्यांनाच कन्नड येतं. मग आपली गरज काय?

प्रश्न अगदी रास्त आहे. वाडीतल्या अनेक पुजारी घरांत छान कन्नड बोलतात. कित्येक कर्नाटकी कुटुंबांचे पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात आणि त्यांच्याकडेच उतरायचं, जेवायचं ठरलेलं असतं. अशा कुटुंबाला तुमची गरज नाही. फोनवरच विचारा, "तुमचे पुजारी ठरलेले आहेत का?" हो म्हणाले, तर फक्त गाडी आणि औदुंबर एवढंच बोला. पुजाऱ्याच्या आणि यजमानाच्या मधे जाऊन उभे राहिलात, तर महिन्याभरात वाडीत तुम्हाला कुणी ओळख देणार नाही.

तुमची गरज आहे ती देवळाबाहेर. पहिल्यांदा येणारं कुटुंब स्टेशनबाहेर रिक्षावाल्याच्या मराठीत अडकतं, लॉजच्या रजिस्टरवर अडकतं, औदुंबरहून पुढे कसं जायचं यावर अडकतं. लॉजच्या रजिस्टरचंच बघा. बंगळूर-म्हैसूरकडे अनेकांना आपल्यासारखं आडनाव नसतं. नावाआधीची अक्षरं गावाची किंवा वडिलांच्या नावाची असतात. आपला मॅनेजर "आडनाव काय?" विचारतो, ते गावाचं नाव सांगतात, ओळखपत्रावर तिसरंच दिसतं आणि काउंटरवर दहा मिनिटं गोंधळ. मी आता ओळखपत्राचा फोटो आदल्या दिवशीच लॉजला पाठवायला सांगते आणि नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा असं मॅनेजरला सांगून ठेवते.

कन्नड किती यायला हवं? घरी बोलतो तेवढं पुरतं का?

घरचं कन्नड असेल, तर बोलण्यापुरतं पुरतं. पण आपलं सीमाभागातलं कन्नड आणि बंगळूरचं कन्नड यात फरक आहे. आपण सकाळला 'मुंजाने' म्हणतो, ते 'बेळिग्गे' म्हणतात. आपल्याकडे वाक्याच्या शेवटी 'री' लावलं की आदर झाला. बंगळूरच्या माणसाला ते गोड वाटतं, पण तुम्ही कुठले हे लगेच कळतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र 'नीनु' आणि 'नीवु' यांत घोळ करू नका. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' यांच्याइतकंच ते अंतर आहे, आणि सासूबाईंना 'नीनु' म्हटलंत तर सूनच तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही.

सगळ्यात जास्त अडचण वेळेची होते. आपल्याकडे तासाला 'तासु' म्हणतात. बंगळूरकडे तास आणि वाजणं या दोन्हींना 'गंटे' शब्द आहे. माझ्या पहिल्या वर्षी एका गृहस्थांनी फोनवर "एरडु गंटे" म्हटलं. मी समजले, देवळात दोन तास लागतील. त्यांना म्हणायचं होतं, आम्ही दोन वाजता पोचू. मी जेवण एकला सांगितलं होतं. ते आले तेव्हा पंगत उठलेली, पोरं भुकेने रडायला लागलेली. त्या दिवसापासून मी वेळ बोलत नाही, लिहून पाठवते: 14:00, आणि कालावधी असेल तर 'दोन तास' असं वेगळं.

परीक्षा हवी असेल तर अशी घ्या. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आहे, आजींची साखरेची गोळी जेवणाआधीची की नंतरची, आगाऊ दिलेले पैसे परत कसे मिळतील, या तीन गोष्टी फोनवर अडखळल्याशिवाय सांगता आल्या, तर तुमचं कन्नड धंद्यापुरतं आहे. तेलुगू चार वाक्यांपुरतं येत असेल, तर जाहिरातीत लिहू नका.

प्रत्यक्ष एक दिवस कसा जातो?

एक साधारण नमुना सांगते. बंगळूरचं पाच जणांचं कुटुंब: नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून दुसऱ्या दिवशी मिरजेला येतात, एक रात्र लॉजवर राहतात आणि तिसऱ्या दिवशी दर्शन करतात.

पहिला फोन पंधरा मिनिटांचा. त्यात पाच गोष्टी विचारते. पुजारी ठरलेले आहेत का. अभिषेक करायचा की फक्त दर्शन. आजींचे गुडघे कसे आहेत. जेवणात कांदा-लसूण चालतो का, त्या दिवशी कुणाचा उपवास आहे का. परतीची गाडी किती वाजता. माध्व घराणं असेल, तर 'मडी'चा प्रश्न येतोच. मडी म्हणजे आपलं सोवळं. अशा घरातली वडीलधारी माणसं अभिषेक होईपर्यंत काही खात नाहीत, कधी बाहेरचं जेवतच नाहीत. ते आधी कळलं, तर तुम्ही सकाळी नाश्त्याला गाडी थांबवण्याचा मूर्खपणा करत नाही.

गाडीच्या जागा मोजताना माझीही फसगत झाली होती. सात जणांची गाडी म्हणजे ड्रायव्हर धरून सात. पाच पाहुणे, ड्रायव्हर आणि मी मिळून बरोबर सात. सहा पाहुणे आले की मला जागा नाही. मग मोठी गाडी घ्या, नाहीतर स्कूटरवर मागून या. मी एकदा तशीही गेले आहे, जूनच्या पावसात.

सकाळी साडेपाचला लॉजवर. आधी औदुंबर. रस्ता पस्तीसेक किलोमीटर, सकाळी तासाभरात होतो. आधी औदुंबर घ्यायचं, कारण सकाळी तिथे शांत असतं आणि नदीकाठी आजींना बसायला जागा मिळते. घाटाच्या पायऱ्या खाली पाण्यापर्यंत जातात. आजींना खाली नेऊ नका. मुलं तीर्थ वर आणून देतील, हे आधीच ठरवा, नाहीतर तिथे घरातलाच वाद सुरू होतो. पलीकडच्या काठावर भुवनेश्वरीचं देऊळ आहे, होडीने जाता येतं. पाणी किती आहे ते बघून नावाडी सांगेल तसं. मी आजी असतील तर होडी सुचवतच नाही.

तिथून सांगलीचा गणपती. इथे वेळ कमी लागतो, तासभर ठेवा. मग जेवण. मी दोनच खानावळींशी बोलून ठेवलं आहे, जिथे भात गरम आणि भरपूर मिळतो. आपण चपातीवर पोट भरतो. दक्षिणेकडच्या माणसाला भात आणि सार हवं, चपाती ही बाजूची गोष्ट. पापड-लोणच्यापेक्षा ताक विसरू नका.

जेवणानंतर वाडी. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचं हे ठिकाण शिरोळ तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात येतं, पण मिरजेहून वीसेक किलोमीटरवर. अभिषेक असेल, तर हा क्रम उलटा होतो. अभिषेक सकाळचा, म्हणून वाडी आधी आणि औदुंबर दुपारी. पूजेच्या वेळा मी कधीच आठवणीवर सांगत नाही. आदल्या दिवशी देवस्थानात फोन करून विचारते. संकल्पात गोत्र, नक्षत्र, नावं लागतात. ती मी आधीच कन्नडमध्ये मागवते आणि देवनागरीत कागदावर उतरवून ठेवते. देणगी आणि अभिषेकाचे पैसे पाहुणे स्वतः खिडकीवर भरतात, पावती त्यांच्या नावाची. माझ्या हातातून ते पैसे जात नाहीत.

संध्याकाळी पालखी बघायची असेल, तर परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची हवी. हे पहिल्या फोनवरच सांगा. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट असताना पालखीचा हट्ट धरणारे पाहुणे आणि घड्याळाकडे बघणारा ड्रायव्हर यांच्यामध्ये मी दोनदा अडकले आहे.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर मी वरच्या कार्यक्रमात घातलं नाही. वेळ असेल आणि आजी नसतील, तर जरूर न्या. स्वर्गमंडपाचे 48 खांब आणि वर मोकळं आकाश बघून मुलंही गप्प होतात, आणि तिथले कन्नड शिलालेख बंगळूरचा माणूस बोट ठेवून वाचायला बघतो. जुनं कन्नड त्यालाही सहज वाचता येत नाही, पण त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

यात पैसे किती मिळतात? खरं सांगा.

आकडे माझ्या हिशोबातले अंदाजी आहेत, तुमच्या भागात थोडे कमी-जास्त होतील. वरच्या दिवसासाठी शंभरेक किलोमीटर आणि पूर्ण दिवसाच्या गाडीचे मी 3,200 धरते, ते गाडीवाल्याला जातात. माझ्या सोबतीचे 1,800. पाहुण्यांना दोन्ही आकडे वेगवेगळे सांगते, एकूण 5,000. जेवण आणि देवस्थानचे पैसे त्यांचे त्यांनी द्यायचे. माझ्या 1,800 मधून फोन, चहा, माझं जेवण, लॉजपर्यंत जाणं-येणं वजा होतं. हातात 1,600 उरतात.

आता महिन्याला किती दिवस? गुरुवार, पौर्णिमा, शनिवार-रविवार धरून चांगल्या महिन्यात आठ दिवस मिळाले तरी बरं. पावसाचे तीन महिने जवळजवळ शून्य. नऊ महिने गुणिले आठ गुणिले सोळाशे, म्हणजे वर्षाला 1,15,200. यावर घर चालत नाही. म्हणून मी याला पूर्ण धंदा म्हणत नाही. याच्या जोडीला त्याच भाषेचं दुसरं काम हवं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दत्तजयंतीच्या आसपास मागणी एकदम चढते, तेव्हा दर दुप्पट करायचा मोह होतो. गाडीचा दर खरोखर वाढतो, तो वाढलेला सांगा. स्वतःचा दर मी त्या आठवड्यात वाढवत नाही, पण एका दिवशी एकच कुटुंब घेते. गर्दीत दोन कुटुंबं सांभाळता येत नाहीत. एक वाडीत हरवतं आणि दुसरं औदुंबरला वाट बघत बसतं.

घरची गाडी आहे. तीच वापरली तर गाडीचे पैसेही आपलेच, नाही का?

नाही. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून पैसे घेऊन माणसं नेणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही. दंड तर होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. पाच जणांचं कुटुंब तुमच्या भरवशावर बसलेलं असताना हा धोका घ्यायचा नाही. पिवळ्या पाटीची, परवाना आणि विमा चालू असलेली गाडी भाड्याने घ्या. गाडीच्या कागदांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाहुणे पुढे गाणगापूरला जायचं म्हणाले, तर कर्नाटकात चालणारा पर्यटक परवाना त्या गाडीला आहे का, हे गाडीवाल्याला आधी विचारा. सीमेवर उतरून विचारायची ती वेळ नसते.

दुकानदार कमिशन देतात म्हणे. घ्यावं का?

वाडीत पेढे, बासुंदी, खव्याची दुकानं भरपूर आहेत. काही जण म्हणतील, पाहुणे आणा, तुमचा वाटा ठेवतो. मी घेत नाही. धर्म म्हणून नव्हे, हिशोब म्हणून. बंगळूरच्या कुटुंबाला दुसऱ्या दुकानात तोच पेढा स्वस्त दिसला, की गावी जाऊन ते दहा घरांत सांगतात. माझं निम्मं गिऱ्हाईक त्या दहा घरांतूनच येतं. घ्यायचंच असेल, तर पाहुण्यांना उघड सांगून घ्या.

त्याऐवजी विक्री स्वतः करा. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, बेदाण्यालाही आहे. पाव-अर्धा किलोची पाकिटं करून गाडीत ठेवली, तर बायका आवडीने घेतात. 'अरिशिण' म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. फक्त स्वतः पॅक करणार असाल, तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी, पाकिटावर वजन, तारीख, किंमत, पत्ता हे सगळं आलं. सुरुवातीला तयार पॅक केलेला माल कुणा नोंदणीवाल्याकडून घेणं सोपं.

नोंदणी काय काय करावी?

उद्यम नोंदणी करा. ती udyamregistration.gov.in वर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. त्याच नावासारखी दिसणारी पैसे मागणारी संकेतस्थळं आहेत, तिकडे जाऊ नका. सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. गाडीचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवलेत, तर ते तुमच्या उलाढालीत दिसतात. म्हणून मी पाहुण्यांना गाडीवाल्याचे पैसे थेट त्याला द्यायला सांगते. बँकेत वेगळं खातं काढा, घरखर्चाच्या खात्यात यूपीआय घेऊ नका. वर्षाअखेर काहीच कळत नाही.

गिऱ्हाईक कुठून येणार? स्टेशनवर उभं राहू का?

मुळीच नाही. रेल्वेच्या हद्दीत परवान्याशिवाय गिऱ्हाईक गोळा करणं हा रेल्वे कायद्यातला गुन्हा आहे. शिवाय फलाटावर हाका मारणाऱ्या माणसावर बाहेरगावचं कुटुंब विश्वास कशाला ठेवेल?

माझी पहिली तीन कुटुंबं मामेबहिणीच्या धारवाडच्या ओळखीतून आली. त्यांना पैसे घेऊनच नेलं, फुकट नाही. फुकट नेलं, की तक्रार कुणी सांगत नाही. मग गूगल मॅप्सवर धंद्याची नोंद केली आणि वर्णन कन्नड लिपीत लिहिलं. बंगळूरचा माणूस रात्री मोबाइलवर कन्नडमध्ये शोधतो, आणि इथल्या बहुतेकांचं वर्णन इंग्रजीत किंवा मराठीत असतं. तिथे तुम्ही एकटे दिसता.

व्हॉट्सअॅप बिझनेसवर तयार उत्तरं साठवता येतात. मी कन्नडमध्ये पाच ठेवली आहेत: दर, रद्द करण्याची अट, काय बरोबर आणावं, पायऱ्यांची माहिती, लॉजचे पर्याय. तिरकी रेघ टाइप केली की ती समोर येतात:

```
/dara
/radda
/payari
```

पायऱ्यांच्या उत्तराबरोबर मी घाटाचे स्वतः काढलेले फोटोही पाठवते. आजी बरोबर असलेल्या घरांत बुकिंग त्या फोटोवर ठरतं, दरावर नाही.

पावसाळ्यात आणि मधल्या दिवसांत काय करायचं?

दोन कामं आहेत. पहिलं, पाट्या आणि मेन्यू. वाडी-औदुंबरच्या वाटेवरच्या खानावळी, लॉज, गाडीवाले यांना कन्नड पाटी हवी असते आणि ती बहुतेक चुकीची असते. कारण अक्षर जोडून अक्षर ठेवलं की कन्नड झालं, असं छापखान्याला वाटतं. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत, देवनागरीत ते वेगळे लिहिण्याची सोय नाही. मराठी शब्द तसाच उतरवला, की कन्नड वाचणाऱ्याला तो उच्चार विचित्र वाटतो, कधी अर्थच बदलतो.

दुसरी चूक छपाईत होते. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लिहितात, त्याला 'ओत्तक्षर' म्हणतात. आपण युनिकोडमध्ये मजकूर पाठवतो, छापखान्यातलं जुनं सॉफ्टवेअर किंवा नुडी-बरहचा जुना फॉन्ट तो उघडताना खालचं अक्षर बाजूला टाकतो नाहीतर चौकोन दाखवतो. छापणाऱ्याला कन्नड येत नाही, त्यामुळे त्याला ते कळतही नाही. माझी एक सहा फुटी पाटी अशी फुकट गेली. तेव्हापासून मजकूर पीडीएफ करून देते, अक्षरांचे आकार पक्के करून घेते आणि छापण्याआधी प्रूफचा फोटो मागवते. फोटोत आधी खालची अक्षरं बघते, मग बाकीचं.

गिऱ्हाइकाला एक सांगून ठेवा. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत आणि ठळक हवंच, आणि दुसऱ्या लिपीची अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. सीमाप्रश्न तापला, की फक्त कन्नड पाटी लावणाऱ्याला त्रास होतो आणि मग दोष पाटी लिहिणाऱ्याला.

दुसरं काम मिरजेच्या दवाखान्यांचं. वानलेस रुग्णालय 1894 पासूनचं, आणि तेव्हापासून कर्नाटकातले रुग्ण मिरजेला येतात. नातेवाइकाला डॉक्टर काय म्हणाले ते कळायला हवं, औषधाच्या दुकानात विचारायला हवं, अर्ज भरायला हवा. यासाठी अर्ध्या दिवसाचे पैसे मी रुग्णाच्या घरच्यांकडून घेते आणि फक्त त्यांच्याकडूनच. डॉक्टरकडून रुग्ण आणल्याचे पैसे घेणं वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेतच बसत नाही. आणि भाषांतर करताना एक शब्दही आपला घालायचा नाही. डॉक्टर "बघू" म्हणाले, तर कन्नडमध्येही "बघू"च. आपण "बरं होईल" म्हटलं, की पुढे काय झालं तरी घरच्यांना तुमचंच वाक्य आठवतं.

हिंदी बोलणारे भक्त तारखेत का चुकतात?

कन्नड आणि तेलुगू पंचांगात महिना आपल्यासारखा अमावास्येला संपतो, म्हणून त्यांच्याशी तिथीवर बोलता येतं. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो. आपली गुरुप्रतिपदा माघ वद्य प्रतिपदेची, त्यांच्या पंचांगात तोच दिवस फाल्गुन कृष्ण प्रतिपदा. माघ कृष्ण शोधणारा माणूस महिनाभर आधी येऊन उभा राहील. हिंदीवाल्यांना नुसती इंग्रजी तारीख द्या.

पूर आला आणि बुकिंग असेल तर?

जुलै-ऑगस्टमध्ये मी बुकिंग घेते, पण आगाऊ पैसे घेत नाही. बाकी वर्षभर 1,000 घेते, दोन दिवस आधी रद्द केलं तर परत, नंतर नाही. पुरामुळे रद्द झालं, तर केव्हाही सगळे परत.

पाणी कुठवर आलं हे सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पातळीवरून कळतं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. मी 30 ओलांडलं आणि वर पाऊस चालू असला, की त्या आठवड्याच्या कुटुंबांना फोन करते. वाडीचं देऊळ नदीलाच असल्याने तिथे पाणी त्याहून आधी चढतं. पाणी देवळात येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागलं, की दक्षिणद्वार सोहळा. त्या स्नानासाठी लोक मुद्दाम येतात. बंगळूरहून फोन येतो, "अक्का, नाळे येऊ का?" मी नाही म्हणते. पाणी दारापर्यंत राहील की रात्रीत वर चढेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि रस्ता बंद झाला तर ते कुटुंब शिरोळमध्ये अडकतं. 2019 मध्ये सांगली शहरच पाण्यात होतं. त्या वर्षी मी सगळ्यांना कोजागरीनंतरच्या तारखा दिल्या. दोघं सोडून सगळे आले.